अनोळखी क्लायंटला पहिला ईमेल: सुरुवात त्याच्या अडचणीने, मजकूर शंभर शब्दांच्या आत

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मंडळींचे कोल्ड ईमेल मी अधूनमधून तपासून देतो. बहुतेकांची सुरुवात अशी असते: "नमस्कार सर, आपण कुशल असाल अशी आशा करतो. मी पुण्यातला वेब डेव्हलपर असून मला या क्षेत्रात सहा वर्षांचा अनुभव आहे. आम्ही वेबसाइट, मोबाइल ॲप, एसईओ, सोशल मीडिया अशा सर्व सेवा वाजवी दरात देतो…" वाचणाऱ्याला तुमच्या अनुभवाशी अजून काही देणंघेणं नाही. त्याने दुसऱ्या वाक्यालाच बोट वर सरकवलेलं असतं.

उपाय सगळ्यांना माहीत असतो: समोरच्याच्या अडचणीपासून सुरुवात करा आणि थोडक्यात लिहा. तरी मेल चुकतो, कारण लोक आधी लिहायला बसतात आणि अडचण नंतर शोधतात. खाली कामाचा क्रम दिला आहे. लिहिणं तिसऱ्या टप्प्यावर येतं, त्याआधी नाही.

एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवू. तुम्ही वेबसाइटची कामं करता. समोर देवगडचा एक हापूस बागायतदार आहे. त्याची स्वतःची वेबसाइट आहे, त्यावर पेटीची ऑर्डर घेतली जाते आणि पुण्या-मुंबईत माल घरपोच जातो. काम वेगळं असेल तर तपशील बदला, क्रम तोच ठेवा.

## टप्पा 1: यादी लहान, आणि एकाच धंद्यातली

सुरुवातीला दहा-बारा नावं पुरे. ती सगळी एकाच प्रकारच्या व्यवसायातली हवीत. आंबा घरपोच विकणारे दहा बागायतदार घेतलेत, तर तिसऱ्या वेबसाइटपर्यंत तुम्हाला त्या धंद्याचं वेळापत्रक, शब्द आणि डोकेदुखी कळू लागते. एक बागायतदार, एक दंतवैद्य आणि एक फर्निचरवाला अशी यादी केलीत, तर प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागेल. मग कंटाळून तुम्ही सगळ्यांना चालेल असा मजकूर लिहाल, आणि तो कोणालाच चालणार नाही.

प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: निर्णय कोण घेतो आणि ईमेल कोण वाचतो. बागेच्या व्यवसायात हे बहुधा दोघं वेगळे असतात. बाग वडील बघतात, ऑनलाइन ऑर्डरी मुलगा, मुलगी किंवा सून सांभाळते. मेल त्यांच्याकडे जातो आणि फोनचा त्रासही त्यांनाच होतो, म्हणून लिहायचं त्यांना. नाव खात्रीने माहीत असेल तरच लिहा. अंदाजाने "सर" म्हणण्यापेक्षा नुसतं "नमस्कार" बरं.

त्यात वेळही पाहा. एप्रिलमध्ये आंबेवाल्याला मेल पाठवणं म्हणजे तो कचऱ्यात टाकणं. तेव्हा तोड, पेट्या भरणं आणि टेम्पो यांतून मान वर करायला फुरसत नसते. जून-जुलैत कोकणात भातलावणी, मग गणपती. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे मला सगळ्यांत योग्य वाटतात: मागच्या हंगामाचा त्रास अजून विसरलेला नसतो, पुढच्या हंगामाचा विचार सुरू झालेला असतो आणि हातात काम करून घ्यायला तीन-चार महिने असतात. प्रत्येक धंद्याला असा एक मोकळा काळ असतो. तो माहीत नसेल तर त्या धंद्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारा.

सावध: विकत घेतलेली ईमेलची यादी वापरू नका. त्यात बंद पडलेले पत्ते असतात, मेल परत येतात आणि तुमच्या पत्त्याची पत घसरते. मग चांगला मेलही स्पॅममध्ये जातो. व्यवसायाने स्वतःच्या वेबसाइटवर दिलेला पत्ताच घ्या.

## टप्पा 2: अडचण शोधणं

निम्म्याहून जास्त वेळ इथे जायला हवा. एका क्लायंटसाठी अर्धा तास धरा. अर्ध्या तासात ठोस काही सापडलं नाही, तर ते नाव यादीतून काढा. ओढूनताणून अडचण तयार करू नका.

तुम्हाला दिसणारा दोष आणि समोरच्याला टोचणारी अडचण यांत फरक असतो. वेबसाइटवाल्याला पहिल्याच नजरेत दिसतं की साइट उघडायला सहा सेकंद लागतात, फोटो जड आहेत, रंगसंगती जुनी आहे. बागायतदाराला यातलं काहीच टोचत नाही, कारण पेट्या तर संपतायत. शिवाय "तुमची साइट स्लो आहे" असे मेल त्याला आठवड्याला येतच असतात.

त्याला काय टोचतं ते त्याचे ग्राहक लिहून ठेवतात. गूगल मॅप्सवर त्या व्यवसायाचं पान उघडा आणि रिव्ह्यू आधी `Newest`, मग `Lowest` अशा क्रमाने लावा. एक-दोन तारेवाले सगळे वाचा. एकट्यादुकट्या माणसाचा राग सोडून द्या आणि तीन किंवा जास्त लोकांनी आपापल्या शब्दांत केलेली एकच तक्रार शोधा. मग इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरच्या हंगामातल्या पोस्टखालच्या कमेंट पाहा. तिथे "दादा, ऑर्डर कधी मिळणार?" असं पुन्हा पुन्हा दिसलं तर तुम्ही योग्य जागी आहात. शेवटी त्याच्याच वेबसाइटवरचे नेहमीचे प्रश्न वाचा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठळक अक्षरांत, जरा वैतागून दिलेलं असतं. "कृपया डिलिव्हरीच्या चौकशीसाठी वारंवार फोन करू नये" अशी सूचना म्हणजे मालकाने स्वतःच लिहून ठेवलेली अडचण.

आपल्या उदाहरणात समजा हे सापडलं: एप्रिल-मेमधल्या रिव्ह्यूंपैकी सातांत तक्रार एकच आहे. पैसे भरले, पण पेटी कधी येणार ते कळलं नाही आणि फोन लागला नाही. आंबा खराब निघाला असं या सातांपैकी कोणीही म्हटलेलं नाही. हा दुसरा तपशील वहीत नोंदवून ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता अडचण तीन प्रश्नांतून पार करा. ही अडचण त्याला स्वतःला जाणवते का? हो, फोन त्याच्याच घरी वाजतो. ती बाहेरून दिसते का, म्हणजे बोट ठेवून दाखवता येते का? हो, रिव्ह्यू सगळ्यांना दिसतात. ती तुम्ही सोडवू शकता का? फोनला माणूस बसवणं तुमचं काम नाही. पण ग्राहकाने मोबाइल नंबर टाकल्यावर पेटीची स्थिती दाखवणारं पान तुम्ही बनवू शकता. तिन्ही उत्तरं "हो" असतील तरच पुढे जा.

तिसऱ्या प्रश्नावर लोक स्वतःला फसवतात. अडचण डिलिव्हरीची आणि विकायची आहे लोगोची सेवा, असं जमत नाही. वाचणाऱ्याला तो सांधा लगेच दिसतो.

सावध: खोटी ऑर्डर देऊन किंवा ग्राहक असल्याचं भासवून माहिती काढू नका. ते कळलं की पुढचं काहीच उरत नाही, आणि देवगडसारख्या गावात ते सगळ्या बागायतदारांना कळतं.

तपासणी: वहीत एक ओळ लिहा: "कोणाला, कधी, काय त्रास होतो, आणि मला हे कुठे दिसलं." चार जागांपैकी एक जरी रिकामी राहिली तरी लिहायला बसू नका.

## टप्पा 3: पहिलं वाक्य

पहिल्या वाक्यात अडचण अशी लिहायची की वाचणारा मनात "हो, खरं आहे" म्हणेल. त्याने हो म्हणावं यासाठी वाक्यात त्याला आधीच माहीत असलेलं काहीतरी हवं. त्याच अडचणीवरचे तीन प्रयत्न पाहा.

पहिला: "आजकाल ग्राहकांना वेळेवर माहिती न मिळाल्याने अनेक व्यवसायांचं नुकसान होतं." हे वर्तमानपत्रातल्या लेखाचं वाक्य झालं. "अनेक व्यवसाय" म्हणजे मी नाही, असं समजून वाचणारा मोकळा होतो.

दुसरा: "तुमची ग्राहकसेवा कमकुवत आहे आणि त्यामुळे तुम्हाला वाईट रिव्ह्यू मिळत आहेत." अडचण नेमकी आहे, पण हा निकाल आहे. अनोळखी माणसाने दिलेला निकाल कोणी ऐकून घेत नाही. हंगामात रात्री दोनपर्यंत पेट्या भरणाऱ्या माणसाला हे वाचून संतापच येईल.

तिसरा: "एप्रिल-मेमध्ये तुमच्या गूगल पानावर सात ग्राहकांनी एकच तक्रार लिहिली आहे: पैसे भरले, पण पेटी कधी येणार हे कळेना आणि फोन लागेना." इथे तुमचं मत कुठेच नाही. महिने आहेत, जागा आहे, आकडा आहे आणि ग्राहकांचे शब्द आहेत. वाचणारा दोन मिनिटांत ताडून पाहू शकतो.

लगेच पुढे वहीतला दुसरा तपशील: "आंब्याबद्दल मात्र त्यांतल्या एकाचीही तक्रार नाही." ही स्तुती वाटेल, पण ती वस्तुस्थिती आहे, आणि तिच्यामुळे दोष मालावर किंवा माणसावर न जाता निरोप न पोचण्यावर येतो. "तुमची वेबसाइट फारच सुंदर आहे" या वाक्याने असं काहीच होत नाही. ते वाक्य वाचताना सगळ्यांना कळतं की पुढे "मात्र" येणार.

तक्रारीचा आकडा देताना मोजूनच द्या. सात असतील तर सात. "अनेक" लिहिलंत तर पुरावा गेला, आणि सातचे दहा केलेत तर विश्वास गेला.

तपासणी: पहिल्या वाक्यात "मी", "आम्ही" किंवा तुमच्या कंपनीचं नाव आहे का? असेल तर वाक्य पुन्हा लिहा. मग दुसरी परीक्षा: हेच वाक्य यादीतल्या दुसऱ्या बागायतदाराला जसंच्या तसं पाठवता येईल का? येत असेल तर अडचण अजून नेमकी झालेली नाही.

## टप्पा 4: उरलेला मजकूर

अडचणीनंतर दोनच गोष्टी उरतात: तुम्ही काय करू शकता आणि आता त्याने काय करायचं.

उपाय एका वाक्यात, त्याच्या भाषेत लिहा. "रिअल टाइम ऑर्डर ट्रॅकिंग सोल्यूशन" लिहिलंत की तो विकत घ्यायची वस्तू समजून थबकतो. "पेटी बागेत आहे, टेम्पोत आहे की उद्या घरी येणार हे दाखवणारं पान" म्हटलं की डोळ्यांसमोर येतं. त्याच्या मनात लगेच उठणारी एक शंकाही इथेच मिटवा. बागायतदाराची शंका बहुधा "म्हणजे आता नवीन काहीतरी शिकायचं का?" अशी असते. म्हणून: "ऑर्डरींची साधी एक्सेल शीट असली तरी ते चालतं." लक्षात घ्या, "तुम्ही एक्सेलमध्ये ऑर्डरी लिहिता" असं इथे म्हटलेलं नाही. ते तुम्हाला माहीत नाही. तो वहीत लिहीत असेल तर एका चुकीच्या गृहीतकाने आधीची नेमकी वाक्यंही संशयास्पद ठरतील.

मागणी एकच ठेवा, आणि ती इतकी लहान की एका शब्दात उत्तर देता यावं. "या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं बोलू या का?" ही मोठी मागणी आहे. त्यासाठी कॅलेंडर पाहावं लागतं, आणि अनोळखी माणूस फोनवर काय गळ्यात मारेल याचीही धास्ती असते. "नमुन्याचं पान तयार केलं आहे. त्याची लिंक पाठवू का?" याला टेम्पोशेजारी उभं राहूनही "पाठवा" लिहिता येतं.

लिंक पहिल्याच मेलमध्ये का नको? अनोळखी पत्त्यावरून आलेल्या लिंकवर हल्ली शहाणा माणूस बोट ठेवत नाही, आणि स्पॅमच्या चाळणीलाही अशा लिंका व जोडलेल्या फायली आवडत नाहीत. शिवाय "पाठवा" असं उत्तर आलं की संवाद सुरू झालेला असतो.

सावध: नमुना खरंच तयार असल्याशिवाय "तयार केलं आहे" लिहू नका. उत्तर दहा मिनिटांतही येऊ शकतं. नमुन्यात खोट्या ऑर्डरी भरा. खऱ्या ग्राहकांची नावं रिव्ह्यूंमधून उचलून घालू नका.

## टप्पा 5: काटछाट

आधी मनात येईल तसं लिहून काढा, मग कापा. समजा पहिला खर्डा असा झाला:

> नमस्कार, मी पुण्यात वेबसाइट बनवण्याचं काम करतो. तुमची वेबसाइट आणि गूगलवरचे रिव्ह्यू पाहताना माझ्या असं लक्षात आलं की एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत तुमच्या सात ग्राहकांनी साधारण एकच तक्रार लिहिली आहे. ती अशी की ऑनलाइन पैसे भरले, पण पेटी नेमकी कधी येणार हे कळलं नाही आणि फोन केला तर तो लागला नाही. हंगामात तुमची किती धावपळ होत असेल याची मला कल्पना आहे. अशा तक्रारींमुळे नवीन ग्राहक दुसरीकडे जाण्याची शक्यता असते आणि त्यामुळे तुमचं नुकसान होऊ शकतं. यावर उपाय म्हणून मी एक असं पान बनवू शकतो, ज्यावर ग्राहकाने आपला मोबाइल नंबर टाकला की पेटी बागेत आहे, टेम्पोत आहे की उद्या घरी येणार आहे हे त्याला दिसेल. याआधी मी असं काम इतर व्यवसायांसाठीही केलं आहे. तुम्हाला वेळ असेल तर या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोलू या का, किंवा तुम्ही सांगाल तेव्हा मी प्रत्यक्ष भेटायलाही येऊ शकतो.

हे 135 शब्द आहेत. वाईट अजिबात नाही, पण लांब आहे आणि अडचण अठरा शब्दांनंतर सुरू होते.

आधी पूर्ण वाक्यं काढायची, मग शब्द. स्वतःची ओळख जाते, कारण ती सहीत येणारच आहे. "धावपळीची कल्पना आहे" जातं, कारण ती कल्पना तुम्हाला नाही. "ग्राहक दुसरीकडे जातील" जातं. हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं आणि त्यात भीती घालण्याचा वास येतो. "इतर व्यवसायांसाठीही केलं आहे" जातं, कारण कोणासाठी ते सांगितलेलं नाही. या चार वाक्यांबरोबर 38 शब्द गेले आणि मजकूर 97 वर आला.

नियम इथेच पाळला गेला, पण थांबू नका. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शंभर मराठी शब्द पडद्यावर बरीच जागा घेतात. मराठी मेलसाठी मी सत्तर-ऐंशीच्या आसपास थांबायला सांगतो. "पाहताना माझ्या असं लक्षात आलं की", "यावर उपाय म्हणून", "ती अशी की" ही टेकू देणारी वाक्यं काढली, शेवटच्या दोन मागण्यांच्या जागी एक घातली आणि आंब्याचं व एक्सेलचं अशी दोन वाक्यं जोडली. उरलं ते असं:

> नमस्कार,
>
> एप्रिल-मेमध्ये तुमच्या गूगल पानावर सात ग्राहकांनी एकच तक्रार लिहिली आहे: पैसे भरले, पण पेटी कधी येणार हे कळेना आणि फोन लागेना. आंब्याबद्दल मात्र त्यांतल्या एकाचीही तक्रार नाही.
>
> ग्राहकाने मोबाइल नंबर टाकला की पेटी बागेत आहे, टेम्पोत आहे की उद्या घरी येणार हे दाखवणारं पान मी तुमच्या सध्याच्या वेबसाइटला जोडून देऊ शकतो. ऑर्डरींची साधी एक्सेल शीट असली तरी ते चालतं.
>
> नमुन्याचं पान तयार केलं आहे. त्याची लिंक पाठवू का?

69 शब्द. खाली सही: नाव, "वेबसाइटचं काम, पुणे" आणि मोबाइल नंबर. सहीत बोधवाक्य, लोगो आणि पाच सोशल मीडियाचे दुवे नकोत.

"तुम्ही" की "आपण" ते सुरुवातीला ठरवा आणि शेवटपर्यंत एकच ठेवा. पहिल्या ओळीत "आपण" आणि तिसऱ्या ओळीत "तुम्ही" आलं की मजकूर दोन ठिकाणांहून चिकटवल्यासारखा दिसतो. क्लायंटची वेबसाइट फक्त इंग्रजीत असेल, तर मेलही इंग्रजीत लिहा. सांगाडा बदलत नाही.

तपासणी: गूगल डॉक्समध्ये `Ctrl+Shift+C` दाबून शब्द मोजा. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे वाक्य तोडा.

## टप्पा 6: विषयाची ओळ

ही सगळ्यांत शेवटी लिहा, कारण आता तुम्हाला अडचण नेमक्या शब्दांत माहीत आहे. तीच पाच-सहा शब्दांत उचला: "पेटी कुठे पोचली, हे विचारणारे फोन". "सहकार्याचा प्रस्ताव", "उत्तम संधी" किंवा खोटं "Re:" लावणं नको. खोटं "Re:" पाहून माणूस मेल उघडतो आणि फसवल्याचं कळताच बंद करतो.

मोबाइलवर इनबॉक्समध्ये विषयाखाली मजकुराची पहिली ओळ फिकट अक्षरांत दिसते. "आपण कुशल असाल" लिहिणाऱ्यांची ती जागा तिथेच वाया जाते. तुमच्या मेलमध्ये तिथे "एप्रिल-मेमध्ये तुमच्या गूगल पानावर सात…" असं दिसायला हवं. स्वतःलाच मेल पाठवा आणि उघडण्याआधी फोनवर यादीत तो कसा दिसतो ते पाहा.

## टप्पा 7: मेल पोचतोय का

साध्या जीमेल पत्त्यावरून रोज चार-पाच मेल हाताने पाठवणार असाल, तर हा टप्पा जवळपास सोडून दिला तरी चालेल. स्वतःच्या डोमेनवरून पाठवणार असाल तर मात्र नाही. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने पाठवणाऱ्याच्या डोमेनची ओळख पटवणारी नोंद सगळ्यांसाठी सक्तीची केली आहे. ती नसेल तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो, आणि तुम्ही उगाच मजकुराला दोष देत बसता.

डोमेनचं ईमेल गूगल वर्कस्पेसवर असेल तर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, एसपीएफची ही टीएक्सटी नोंद लागते. या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणाला आहे ते ती सांगते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

नेहमीची चूक म्हणजे जुन्या होस्टिंगची अशीच एक नोंद आधीच असते आणि लोक दुसरी घालतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की तपासणी नापास होते. दोन्ही सेवा हव्या असतील तर एकाच ओळीत दोन `include:` लिहा. त्याबरोबर वर्कस्पेसच्या ॲडमिनमधून डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही, हेही सुरू करा.

तपासणी: स्वतःच्या दुसऱ्या जीमेलवर मेल पाठवा, तिथे तीन ठिपक्यांतून `Show original` उघडा. वर `SPF: PASS` आणि `DKIM: PASS` दिसलं पाहिजे.

मेल उघडला की नाही हे सांगणारी साधनं लावू नका. ती मजकुरात एक अदृश्य चित्र घालतात. ॲपलच्या मेल ॲपमधली 2021 पासूनची गोपनीयतेची सोय सुरू असेल तर माणसाने मेल पाहिला नसला तरी ते चित्र उतरवलं जातं, त्यामुळे "उघडला" हा आकडा भरवशाचा राहत नाही. तुम्हाला हवं ते उत्तर, उघडणं नव्हे.

परदेशी क्लायंटला लिहिणाऱ्यांसाठी थोडंसं: अमेरिकेच्या कायद्यानुसार व्यावसायिक मेलमध्ये तुमचा खरा टपालाचा पत्ता आणि "पुन्हा पाठवू नका" असं कळवण्याची सोय लागते, कंपनीला लिहिलं तरीही. जर्मनीत तर आधी संमती घेतल्याशिवाय असा मेल पाठवणंच नियमाबाहेर आहे. तिथल्या क्लायंटसाठी दुसरा रस्ता शोधा.

## टप्पा 8: पाठवणं आणि एकच आठवण

एकेक मेल हाताने पाठवा. बीसीसीमध्ये दहा जण घालू नका. "सात ग्राहकांनी" हे वाक्य एकालाच लागू आहे. पाठवल्याची तारीख, अडचण आणि उत्तर अशी तीन रकान्यांची शीट ठेवा.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्याच मेलला रिप्लाय करून एक आठवण पाठवा. "माझा मेल पाहिलात का?" एवढंच विचारलंत, तर त्याने न दिलेल्या उत्तराची फक्त टोचणी उरते. आठवणीत काहीतरी नवीन हवं:

> नमस्कार, पेटी कुठे आहे हे दाखवणाऱ्या पानाबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. ग्राहकाला मोबाइलवर काय दिसेल त्याचा एक फोटो खाली आहे. पुढच्या हंगामासाठी उपयोगी वाटतं का? नसेल तर तसं कळवा, पुन्हा लिहिणार नाही.

यानंतरही काही आलं नाही तर या हंगामापुरतं ते नाव बंद. तिसरा मेल, मग व्हॉट्सॲप, मग फोन, असं मागे लागू नका.

दहाच्या दहा मेलना उत्तर नसेल तर शब्द बदलण्याआधी क्रमाने तपासा: मेल स्पॅममध्ये जातायत का, पत्ता कोणी वाचतं का, वेळ हंगामाची आहे का, आणि अडचण त्याची आहे की तुम्हाला वाटलेली. मजकुराची भाषा या यादीत शेवटी येते.

उत्तर आलं की त्याच दिवशी लिंक पाठवा, सोबत दोन ओळी, जास्त नाही. "पाठवा"ला उत्तर म्हणून बारा पानी प्रपोजल जोडण्याची हौस अनेकांना असते, ती आवरा. बऱ्याचदा पहिलं उत्तर थेट "किती घेणार?" असं येतं. त्याला "आपण बोलून ठरवू" म्हणून टोलवू नका. पान जोडून देण्याचे किती, वर्षभर सांभाळण्याचे किती आणि पहिल्या पेट्या निघण्याआधी कोणत्या तारखेपर्यंत तयार होईल, हे तीन आकडे लिहा. ते द्यायला जमत नसतील तर आधी तो हिशेब करा, मग पहिला मेल पाठवा.